मधली टाकी भरते की रिकामी होते?

तीन टाक्या तीन वेगवेगळ्या उंचीवर आहेत. प्रत्येकीतून एक पाइप निघतो आणि तिन्ही पाइप वाटेत एका ठिकाणी जोडलेले आहेत. सर्वांत वरच्या टाकीतून पाणी बाहेर पडणार आणि सर्वांत खालच्या टाकीत पाणी येणार, एवढे गणित न करताही सांगता येते. मधल्या टाकीबद्दल मात्र काहीच सांगता येत नाही. वरच्या टाकीकडून येणारे पाणी तिच्यात शिरत असेल, किंवा तीच खालच्या टाकीला पाणी पुरवत असेल. तिच्या पाइपात पाणी स्तब्ध उभे असण्याचीही शक्यता आहे. टाक्यांची उंची, पाइपांची लांबी आणि व्यास हे सगळे कागदावर मांडून झाले तरी या एका पाइपावर बाण कोणत्या दिशेने काढायचा हे नुसते पाहून ठरत नाही.

पाणीपुरवठ्याच्या गणिताची ओळख करून देताना मी याच कोड्यापासून सुरुवात करतो, त्याला कारण आहे. दोन टाक्या एका पाइपाने जोडल्या तर दिशा उघड असते आणि प्रवाह एका समीकरणात निघतो. शहरभर पसरलेल्या जाळ्यात शेकडो सांधे असतात आणि तिथे माणसाची नजर पोहोचत नाही. या दोहोंच्या मध्ये तीन टाक्यांचे कोडे उभे आहे. प्रवाहाची दिशा आधी माहीत नसते आणि ती गणितातूनच बाहेर यावी लागते, अशी ही सर्वांत लहान रचना. तरीही अज्ञात संख्या एकच आहे: जंक्शनवरचे हेड. ते सापडले की तिन्ही प्रवाह आणि तिन्ही दिशा एकदमच कळतात.

हेड म्हणजे काय, ते आधी नीट पाहू. जंक्शनच्या ठिकाणी पाइपाला भोक पाडून एक उंच उभी काचेची नळी बसवली आहे, असे समजा. पाणी त्या नळीत एका पातळीपर्यंत चढेल आणि थांबेल. समुद्रसपाटीपासून मोजलेली ती पातळी म्हणजे जंक्शनवरचे हेड. पाइप जमिनीत किती खोल गाडला आहे, याच्याशी त्या पातळीचा संबंध नाही. आता नियम सरळ आहे. ज्या टाकीतील पाणी या नळीतल्या पाण्यापेक्षा वर आहे ती टाकी पाणी देते. ज्या टाकीतील पाणी खाली आहे ती घेते. मधल्या टाकीचे भवितव्य ठरवणारी तुलना एवढीच. अडचण अशी, की नळीतली पातळी स्वतः तिन्ही पाइपांतल्या प्रवाहांवर अवलंबून आहे आणि प्रवाह त्या पातळीवर.

प्रवाह आणि पातळीतला फरक यांना जोडणारा दुवा घर्षणाचा. पाइपातून वाहताना पाण्याचे हेड कमी होत जाते. जर्मनीत युलियुस वाइसबाख यांनी १८४५ साली या घटीचे सूत्र आजच्या रूपात मांडले. फ्रान्समध्ये दिजाँ शहराला पाणी आणणारे अभियंते आंरी दार्सी यांनी वेगवेगळ्या पाइपांवर प्रयोग करून १८५७ साली निष्कर्ष छापले, आणि पाइपाच्या आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा किती महत्त्वाचा आहे ते दाखवून दिले. दोघांच्या नावाने ओळखले जाणारे ते सूत्र प्रवाहाच्या भाषेत असे लिहिता येते:

h = 0.0826 f L Q² / D⁵

इथे h म्हणजे हेडमधली घट मीटरमध्ये, L लांबी आणि D व्यास मीटरमध्ये, Q प्रवाह घनमीटर प्रति सेकंद, आणि f हा घर्षणांक. व्यासाचा पाचवा घात लक्षात ठेवावा. लांबी, घर्षणांक आणि प्रवाह तेच ठेवून ४०० मिलिमीटरच्या जागी ३०० मिलिमीटरचा पाइप टाकला तर घट चौपटीहून जास्त होते. एकदा पाइप ठरला की Q² सोडून बाकी सगळे एका स्थिरांकात गोळा करता येते. त्याला K म्हणू. मग घट म्हणजे K गुणिले प्रवाहाचा वर्ग. आणि उलटून पाहिले तर प्रवाह म्हणजे घट भागिले K, त्याचे वर्गमूळ. या वर्गमुळाने पुढे बरेच काही घडवले आहे.

आता आकडे घेऊ. गाव काल्पनिक आहे, पण मापे नेहमीच्या योजनांत असतात तशीच आहेत. वरच्या टाकीतील पाण्याची पातळी १२० मीटर, मधलीची १०० आणि खालचीची ८०. वरच्या टाकीपासून जंक्शनपर्यंत २,००० मीटर लांबीचा ४०० मिलिमीटर व्यासाचा पाइप आहे. मधल्या टाकीचा पाइप १,२०० मीटर लांब आणि ३०० मिलिमीटर व्यासाचा, खालच्या टाकीचा २,५०० मीटर लांब आणि ३५० मिलिमीटर व्यासाचा. तिन्हींचा घर्षणांक ०.०२ धरला आहे. यावरून K निघतो तो अनुक्रमे सुमारे ३२२.७, ८१५.८ आणि ७८६.३.

पहिला अंदाज कोणताही घेता येतो, पण एकच अंदाज शहाणा आहे: जंक्शनचे हेड मधल्या टाकीच्या पातळीइतके, म्हणजे १०० मीटर, धरावे. तसे धरले की मधल्या पाइपात प्रवाह शून्य होतो आणि हिशेबात दोनच पाइप उरतात. वरच्या पाइपात घट २० मीटर, त्यामुळे प्रवाह सेकंदाला २४९ लिटर. खालच्या पाइपातही घट २० मीटरच, पण पाइप लांब आणि अरुंद, म्हणून प्रवाह १५९.५ लिटर. जंक्शनवर २४९ लिटर येतात आणि १५९.५ जातात. सेकंदाला ८९.५ लिटर पाणी शिल्लक राहते, आणि जंक्शनवर पाणी साठवायला जागा नाही. म्हणजे आपला अंदाज कमी पडला. खरी पातळी १०० च्या वर असली पाहिजे. ती वर असली की मधली टाकी तिच्यापेक्षा खाली राहते आणि पाणी घेते. बाण ठरला: मधली टाकी भरते आहे. अजून एकाही पाइपाचा खरा प्रवाह आपल्या हाती नाही, पण दिशा तिन्ही हाती आल्या.

हा पहिला अंदाज टाळून थेट समीकरणे मांडणाऱ्यांची एक ठरावीक फसगत होते. मधली टाकी पाणी देते असे मनाशी धरून वर्गमुळाखाली "टाकीची पातळी वजा जंक्शनचे हेड" लिहिले जाते. ती वजाबाकी ऋण निघते आणि गणकयंत्र चूक दाखवून थांबते. काही जण मग चिन्ह पुसून पुढे जातात, आणि पाणी घेणारी मधली टाकी पाणी देते, असले उत्तर काढतात. वर्गमूळ नेहमी फरकाच्या निव्वळ मूल्याचे घ्यावे आणि दिशा फरकाच्या चिन्हावरून वेगळी नोंदवावी, एवढी शिस्त पाळली तर हा घोळ होत नाही.

पुढचा भाग चाचपणीचा. हेड १०५ धरू. वरून २१५.६ लिटर येतात, मधलीकडे ७८.३ आणि खालचीकडे १७८.३ जातात. आता ४१ लिटरची तूट आहे. म्हणजे खरी पातळी १०० आणि १०५ यांच्या मध्ये कुठेतरी. १०२ धरले तर १९.४ लिटर शिल्लक राहते, १०३ धरले तर २.१ लिटर कमी पडते. १०२.९ धरले की वरून २३०.२ लिटर येतात, मधलीत ५९.६ आणि खालचीत १७०.७ जातात. फरक लिटरच्या दहाव्या भागाइतका उरला. टाक्यांच्या पातळ्या आणि घर्षणांक यांच्या अचूकतेपुढे हा फरक नगण्य आहे, म्हणून इथे थांबावे.

दुसरे एखादे हेडही याच अटीत बसेल का, अशी शंका योग्य आहे. तसे होत नाही, आणि त्याचे कारण सुटसुटीत आहे. जंक्शनचे हेड वाढवत नेले की वरच्या टाकीकडून येणारे पाणी कमी होते आणि खालचीकडे जाणारे वाढते. मधली टाकी देत असेल तर तिचे देणे कमी होते, घेत असेल तर घेणे वाढते. प्रत्येक पाइप शिल्लक एकाच दिशेने, म्हणजे कमी होण्याकडे, ढकलतो. ८० मीटरवर शिल्लक नक्की असते, १२० वर तूट नक्की असते. सतत घटत जाणारी शिल्लक शून्यातून एकदाच जाते. त्यामुळे उत्तर एकच आहे, आणि शिल्लक राहिली तर वर सरकायचे, तूट आली तर खाली, हा नियम कधीच चुकीच्या दिशेला नेत नाही.

किती सरकायचे, हे ठरवण्यासाठी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३६ साली दिलेली पद्धत आजही शिकवली जाते. क्रॉस मूळचे इमारती-पुलांच्या गणितातले. चौकटींमधले मोमेंट वाटत वाटत संतुलित करण्याची त्यांची रीत १९३० पासून प्रसिद्ध होती. तीच दृष्टी त्यांनी पाइपांच्या जाळ्याकडे वळवली. त्यांच्या दोन रीतींपैकी एकीत हेडचा अंदाज धरून सांध्यावरचे प्रवाह संतुलित करतात, आणि तीच आपल्या कोड्याला लागू पडते. दुरुस्तीचे सूत्र असे:

ΔH = 2 ΣQ / Σ(Q/h)

वर प्रवाहांची चिन्हासह बेरीज, खाली प्रत्येक पाइपाचा प्रवाह भागिले त्याची घट, या सर्वांची बेरीज. १०५ मीटरवर तूट ४१ लिटर होती. तिन्ही पाइपांचे भागाकार सुमारे १४.४, १५.७ आणि ७.१, बेरीज ३७.२. दुरुस्ती ८२ भागिले ३७.२, म्हणजे २.२ मीटर, तीही खाली. आपण एकाच उडीत १०२.८ वर येतो आणि पुढच्या उडीत १०२.९ वर. चाचपणीत चार-पाच वेळा करावे लागलेले काम दोनदा करून भागते.

हीच पद्धत एका जागी अडते, आणि ती जागा म्हणजे आपला शहाणा पहिला अंदाज. १०० मीटरवर मधल्या पाइपात प्रवाह शून्य आणि घटही शून्य. शून्याला शून्याने भागायचे कसे? शून्याच्या अगदी जवळ गेले तरी सुटका नाही. वर्गमुळाची रेघ शून्यापाशी जवळजवळ उभी असते. हेडमध्ये अवघा १० सेंटिमीटरचा फरक पडला तरी या पाइपात सेकंदाला ११ लिटर वाहू लागतात. त्याच १० सेंटिमीटरने वरच्या पाइपात जेमतेम अर्ध्या-पाऊण लिटरचा फरक पडतो. म्हणून मधल्या टाकीची पातळी पातळीयंत्राने नीट मोजलेली असावी. नकाशावरच्या समोच्च रेषेवरून उचललेली पातळी इथे चालत नाही.

ही अडचण गणितात कशी दिसते ते पाहण्यासाठी जंक्शनवरूनच गावासाठी सेकंदाला बरोबर ८९.५ लिटर पाणी काढले जात आहे, असे समजा. मग खरे उत्तर नेमके १०० मीटर आहे आणि मधला पाइप स्तब्ध आहे. क्रॉस यांच्या सूत्राने १००.०५ पासून सुरुवात करा. पुढचा अंदाज येतो ९९.९६, त्यापुढचा १००.०४, मग पुन्हा ९९.९६. उत्तराच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला उड्या चालू राहतात आणि दर फेरीला अंतर थोडेसेच घटते. पातळीतला फरक तीन-चार सेंटिमीटरचा असला तरी मधल्या पाइपाचा प्रवाह तेवढ्याने सहा-सात लिटर दिसतो, आणि दर फेरीला त्याची दिशा उलटते. कागदावर आलटून पालटून उलट होणारा बाण दिसला की समजावे, त्या पाइपात जवळजवळ काहीच वाहत नाही. अशा वेळी सूत्र बाजूला ठेवून एक शिल्लक देणारी आणि एक तूट देणारी पातळी हाताशी धरावी आणि दर वेळी मधोमध पाहावे. २० मीटरचे अंतर असे निम्मे-निम्मे करत गेले तर अकरा फेऱ्यांत सेंटिमीटरपर्यंत पोहोचता येते. संगणकावर जाळी सोडवणाऱ्या प्रणालींनाही शून्याजवळच्या प्रवाहासाठी अशी काही वेगळी सोय करावीच लागते.

गावासाठी पाणी काढण्याचा विषय निघालाच आहे, तर मधल्या टाकीचा खरा उपयोग तिथेच आहे. रात्री नळ बंद असतात तेव्हा ती भरावी आणि सकाळी गाव पाणी ओढू लागले की तिने मदतीला यावे, यासाठी अशी टाकी टेकडीवर बांधतात. आपल्या रचनेत ८९.५ लिटर हा आकडा दुसऱ्यांदा कामाला येतो. पहिल्या अंदाजातली शिल्लक म्हणजेच मधल्या टाकीची उंबरठ्याची मागणी. गावाची ओढ त्याहून कमी असेल तोवर टाकी भरते, जास्त झाली की रिकामी होऊ लागते. सकाळची मागणी १५० लिटर धरून हेड काढले तर ९८.४ मीटर येते. वरच्या टाकीकडून २५९ लिटर, मधलीकडून ४४ लिटर. त्यातले १५३ खालच्या टाकीकडे जातात आणि उरलेले १५० गावाला मिळतात. रात्री ६० लिटर घेणारी टाकी सकाळी ४४ लिटर देते, तोच पाइप, तीच झडप, फक्त बाण उलटा.

मधली टाकी किती उंच बांधावी, याचेही उत्तर या हिशेबात दडले आहे. टाकी भरत जाते तशी तिची पातळी चढते, तिच्याकडे येणारा प्रवाह मंदावतो आणि जंक्शनचे हेडही हळूहळू वर सरकते. गावाची मागणी शून्य धरली तर हे कुठे थांबेल? वरून येणारे सगळे पाणी खालचीकडेच जाईल तिथे. दोन पाइपांचा प्रवाह समान ठेवून पातळी काढली तर ती १०८.४ मीटर येते. या टाकीची भिंत ११० मीटरपर्यंत बांधली तर वरचा दीड मीटर कधीच भरणार नाही. आणि ओव्हरफ्लो १०५ वर ठेवला तर शांत रात्री टाकी भरून वाहील, जोवर तिथे फ्लोट व्हॉल्व्ह बसवत नाही तोवर. दोन्ही प्रकारच्या टाक्या बांधून झाल्यावर दुरुस्त करणे महाग पडते; आधी हा एक हिशेब करायला तासभरही लागत नाही.

यातही एक बारकावा प्रत्यक्ष जागेवर जाऊनच कळतो. पाइप टाकीला तळातून जोडला असेल तरच आतापर्यंतचे सगळे खरे आहे. अनेक टाक्यांत भरणारा पाइप भिंतीवरून वर चढवून तोंड पाण्याच्या वर सोडलेले असते. टाकीवर उभे राहिले तर पाणी पडण्याचा आवाज येतो. अशा टाकीत हिशेबाला पाण्याची पातळी घ्यायची नसते, पाइपाच्या तोंडाची उंची घ्यायची असते. शिवाय अशी टाकी त्याच पाइपातून पाणी परत देऊ शकत नाही. आपल्या गावात पाइपाचे तोंड १०४ मीटरवर असते, तर सकाळी १५० लिटरच्या मागणीला मधल्या टाकीकडून थेंबही मिळाला नसता आणि जंक्शनचे हेड ९८.४ वरून ९४ वर घसरले असते. उंचावरच्या घरांत नळ का येत नाही, याचे कारण शोधताना चार-साडेचार मीटरची ही घसरण महत्त्वाची ठरते.

हिशेबातून काय सोडले आहे, तेही सांगायला हवे. वळणे, झडपा आणि खुद्द जंक्शन यांमध्ये होणारी किरकोळ घट मी धरली नाही; पाण्याच्या वेगामुळे येणारे हेडही धरले नाही. वरच्या पाइपात वेग सेकंदाला १.८ मीटर, म्हणजे वेगाचे हेड १७ सेंटिमीटर. १७ मीटरच्या घर्षणापुढे ते सोडायला हरकत नाही. पाइप किलोमीटरच्या हिशेबात लांब आहेत म्हणून हे चालते; पंपघराच्या आतल्या दहा-वीस मीटरच्या पाइपांना चालणार नाही. पाइपाच्या वाटेचा चढउतारही पाहायला हवा. जंक्शन १०१ मीटर उंचीच्या कड्यावर असेल तर रात्री तिथे जेमतेम दोन मीटरचा दाब राहील आणि सकाळी हेड ९८.४ वर आले की दाब ऋण होईल. मग पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडून उंचवट्यावर साठते, सैल सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि आपण काढलेला प्रवाह प्रत्यक्षात मिळत नाही. गणित मात्र बिनचूक दिसत राहते, कारण समीकरणाला पाइपाची उंची माहीतच नसते.

मागणीबद्दलचे गृहीतकही तपासून घ्यावे. गाव १५० लिटर घेतेच, दाब कितीही असो, असे आपण मानले. दाब खरोखर घसरला तर नळांतून तेवढे पाणी निघणार नाही. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. प्रमोद भावे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमका हा मुद्दा हाती घेतला: सांध्यावरचे हेड पुरेसे नसेल तेव्हा मागणी ठरलेली न धरता, मिळू शकणारा प्रवाह किती, असे विचारायचे. पाणीवाटपाच्या जाळ्यांवर त्यांनी पुढे ग्रंथही लिहिले, त्यांपैकी एक राजेश गुप्ता यांच्यासह. दिवसातून ठरावीक तासच पाणी सोडणाऱ्या आपल्या शहरांना आणि गावांना हा प्रश्न रोजचा आहे. अशा ठिकाणी सुरुवातीचा काही वेळ पाइप भरण्यातच जातो आणि तेवढ्या वेळेला इथले कोणतेच समीकरण लागू होत नाही.

सर्वांत अविश्वसनीय आकडा मात्र घर्षणांकाचा. नव्या पाइपाला ०.०२ ठीक आहे. अस्तर नसलेल्या जुन्या बिडाच्या पाइपात आतून गंजाच्या गाठी वाढतात आणि हा आकडा दुप्पट होऊ शकतो. आपल्या वरच्या पाइपाचे तसे झाले, तर १०० मीटरच्या पहिल्या अंदाजाला त्याचा प्रवाह २४९ वरून १७६ लिटरवर येतो. खालच्या पाइपाची गरज १५९.५ तशीच. उंबरठ्याची मागणी ८९.५ वरून १६.५ लिटरवर आली. मधली टाकी आता जवळजवळ दिवसभर देतच राहील, आणि रात्री जे थोडे मिळेल त्यातून ती भरणार नाही. तक्रार येते "टेकडीवरची टाकी भरत नाही", आणि माणसे टाकीचा पाइप तपासत बसतात. दोष दोन किलोमीटर दूरच्या दुसऱ्याच पाइपात असतो.

म्हणून शेवटी दाबमापकाबद्दल सांगतो. जंक्शन ७५ मीटर उंचीवर आहे असे धरा. मागणी नसताना तिथला दाब १०२.९ वजा ७५, म्हणजे २७.९ मीटर, कर्मचाऱ्यांच्या भाषेत सुमारे २.८ किलो असायला हवा. रात्री जाऊन मापक लावला आणि २५.६ मीटरच भरला, म्हणजे हेड १००.६. एवढ्यावरून पाइप जुना झाला असा निष्कर्ष काढू नये, कारण वरचा पाइप खराब झाला तरी हेड उतरते आणि जंक्शनच्या आसपास मोठी गळती असली तरीही उतरते. निवाडा करायला एक प्रवाह मोजावा लागतो, आणि तो वरच्या पाइपाचा. त्या पाइपात आता १९.४ मीटरची घट आहे. पाइप चांगला असेल तर एवढ्या घटीला सेकंदाला २४५ लिटर वाहिले पाहिजेत. या हेडला मधली आणि खालची टाकी मिळून १८९ लिटरच घेऊ शकतात, म्हणून उरलेले ५६ लिटर जमिनीत किंवा एखाद्या बेकायदा जोडणीत जात आहेत. जलमापकाने २४५ च्या जागी १८९ च दाखवले, तर हिशेब जंक्शनवर बरोबर जुळतो आणि गळती नाही, मग १९.४ भागिले ०.१८९ चा वर्ग करून K काढावा. तो ३२२.७ ऐवजी ५४३ येतो, म्हणजे घर्षणांक ०.०३४. पाइप बदलण्याचा प्रस्ताव लिहिण्याआधी त्या दोन किलोमीटरमधली प्रत्येक झडप पूर्ण उघडी आहे का, हे चावी लावून फेरे मोजत तपासावे. अर्धवट उघडी राहिलेली एक झडपही K चा हाच आकडा देते.